भेंडीचं बियाणं घेताना पाकिटाची किंमत नको, उगवलेल्या रोपाची किंमत बघा

मे अर्धा सरला की कृषी सेवा केंद्रात गर्दी सुरू होते आणि काउंटरवर एकच प्रश्न ऐकू येतो, "भेंडी कितीला?" दुकानदार तीन पाकिटं पुढे टाकतो, आपण तिन्हीवरची एमआरपी बघतो, किलोमागे सगळ्यात स्वस्त पडतं ते उचलतो आणि घरी येतो. गोराई, उत्तन, वसईच्या वाड्या असोत, आरेतले पाडे असोत नाहीतर रेल्वे रुळाच्या बाजूची पट्टी, पाच-दहा गुंठ्यात भाजी करणारे बहुतेक जण असंच घेतात. मी पण गोराईला दहाच गुंठे करतो, बाकी वेळ बोरिवलीत नोकरी, त्यामुळे हिशोब लहान शेतीचाच सांगणार आहे आणि एकाच पिकाचा सांगणार आहे, भेंडीचा, कारण भेंडीचं बी मोठं असतं, हाताने मोजता येतं आणि ते थेट शेतात टोकतो, मध्ये नर्सरीची भानगड नाही. एकदा भेंडीवर जमलं की काकडी, कारली, गवार यांनाही हीच रीत लागू पडते.

उदाहरणाला तीन पाकिटं धरू. भाव मी हिशोबापुरते धरलेत, तुमच्या दुकानातले वेगळे असतील, ते टाकून बघा.

पाकीट क्रमांक एक: सुधारित वाण, ५०० ग्रॅम, ३५० रुपये. म्हणजे किलोला ७००.
पाकीट क्रमांक दोन: सुधारितच वाण पण दुसऱ्या कंपनीचं, २५० ग्रॅम, २६० रुपये. किलोला १०४०.
पाकीट क्रमांक तीन: हायब्रीड, २५० ग्रॅम, ९०० रुपये. किलोला ३६००.

वरवर बघितलं तर पहिलं स्वस्त, दुसरं दीडपट आणि तिसरं तर पाचपट महाग. आता हे एकेक करून सोलू.

आधी टॅग वाचा, पण टॅगवर थांबू नका

पाकिटावर किंवा आतल्या टॅगवर पिकाचं नाव, वाण, लॉट नंबर, तपासणीची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, उगवणशक्ती, शुद्धता, वजन आणि किंमत एवढं असतंच. निळा टॅग म्हणजे प्रमाणित बियाणं, बीज प्रमाणीकरण यंत्रणेने शेतातलं पीक आणि नंतर बी दोन्ही तपासलेलं. हिरवट टॅग किंवा लेबल म्हणजे ट्रुथफुल, तिथे कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर सांगते की आत काय आहे. भाजीपाल्यात, खास करून हायब्रीडमध्ये, तुम्हाला जास्त करून ट्रुथफुलच दिसेल. त्याने बी वाईट ठरत नाही, पण जबाबदारी कुणाची ते कळलेलं बरं.

नवीन माणूस इथेच फसतो. तीन पाकिटं शेजारी शेजारी ठेवून तो उगवणशक्ती वाचतो आणि तिन्हीवर ६५ टक्के लिहिलेलं असतं. मग तो म्हणतो सगळी सारखीच, स्वस्त घेऊ. पण भेंडीसाठी कायद्यातलं किमान प्रमाणच ६५ टक्के उगवण आणि ९९ टक्के शुद्धता असं आहे, आणि बऱ्याच कंपन्या टॅगवर तेवढाच किमान आकडा छापतात. म्हणजे आत ९२ टक्के उगवणारं बी असलं तरी ६५ आणि जेमतेम ६५ उगवणारं असलं तरी ६५च. टॅगवरचा आकडा सांगतो की यापेक्षा कमी नसावं, आत प्रत्यक्षात किती आहे ते तो सांगत नाही. शिवाय तपासणी झाली तेव्हाचा तो आकडा आहे, त्यानंतर पाकीट गोडाऊनमध्ये, टेम्पोत आणि दुकानाच्या पत्र्याखाली किती तापलं ते टॅगला माहीत नसतं.

टॅगवरून एवढं मात्र नक्की ठरवता येतं: तपासणीची तारीख जितकी अलीकडची तितकं चांगलं. पहिल्या तपासणीपासून साधारण नऊ महिन्यांची मुदत असते आणि परत तपासून ती वाढवता येते, त्यामुळे जुन्या तारखेवर नवीन स्टिकर चिकटवलेलं दिसलं तर दुकानदाराला सरळ विचारा की हा लॉट परत तपासलाय का. उत्तर गोलमोल आलं तर ते पाकीट तिथेच ठेवा.

सगळं एकदम घेऊ नका, एकेक लहान पाकीट आणा

पेरणीच्या महिनाभर आधी, म्हणजे जूनच्या लागवडीसाठी मेच्या सुरुवातीला, पसंतीच्या दोन-तीन वाणांचं एकेक लहान पाकीट घ्या आणि लॉट नंबर वहीत लिहा. टेस्ट त्या लॉटचीच असते. तुम्ही एक लॉट तपासला आणि नंतर त्याच वाणाचा दुसरा लॉट घेऊन आलात तर आधीची मेहनत वाया. दुकानदाराला आधीच सांगून ठेवायचं, "दादा, या लॉटची दोन-तीन पाकिटं माझ्यासाठी बाजूला ठेवा, आठ-दहा दिवसांत सांगतो." ओळखीचा असेल तर ठेवतो. नसेल तर ठेवणार नाही, मग मोठ्या खरेदीच्या वेळी निदान लॉट नंबर तरी तोच आहे का ते बघा.

शुद्धता: ५० ग्रॅम ताटात ओता

सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा आता चारेकशे रुपयांत मिळतो, तो घ्या, दरवर्षी लागतो. पाकीट नीट हलवून ५० ग्रॅम बी मोजा आणि स्टीलच्या ताटात पसरा. आता कचरा, माती, सालपटं, दुसऱ्या पिकाचं बी, तणाचं बी आणि अर्ध्यापेक्षा लहान तुटलेले तुकडे वेगळे काढा. अर्ध्यापेक्षा मोठा तुकडा शुद्ध बियांतच धरायचा, प्रयोगशाळेतही तसंच धरतात, तो उगवतो की नाही हे पुढच्या टेस्टमध्ये कळतं. वेगळं काढलेलं वजन करा. बी रंगवलेलं असेल, लाल, हिरवं, निळं, तर त्यावर औषध असतं, हातमोजे घाला, ताट स्वयंपाकाचं वापरू नका आणि पोरांना जवळ घेऊ नका.

आपल्या उदाहरणात पहिल्या पाकिटातून २ ग्रॅम कचरा निघाला असं धरा, म्हणजे शुद्धता ९६ टक्के, टॅगवर ९९ असताना. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात अर्धा ग्रॅम, म्हणजे ९९.

खरं सांगायचं तर कचऱ्याचा हा तीन टक्के फरक पैशांत फार मोठा नाही. कचरा उगवत नाही, जागा अडवत नाही, फक्त वजन खातो. दुसरी एक शुद्धता असते ती महाग पडते, अनुवंशिक शुद्धता, म्हणजे बी त्याच वाणाचं आहे का. ती ताटात दिसत नाही. भेसळीचं रोप छान उगवतं, खत खातं, पाणी पितं आणि दीड महिन्याने त्याला आखूड, केसाळ नाहीतर पाचाऐवजी सात-आठ कडांची भेंडी लागते, जी मार्केटमध्ये व्यापारी बाजूला काढतो. साडेपाच हजार रोपांत एक टक्का भेसळ म्हणजे पंचावन्न-छप्पन्न रोपं, ते चालून जातं. पाच टक्के झाली तर प्रत्येक तोड्याला माल निवडत बसावं लागतं. ही गोष्ट विकत घेण्याआधी कळायचा एकच मार्ग, त्या कंपनीचं तेच वाण गेल्या वर्षी ज्याने लावलं त्याच्या शेतात तोड्याच्या वेळी जाऊन बघणं.

उगवण: १०० बिया, ओला पेपर आणि एक क्रेट माती

शुद्ध निघालेल्या बियांतून १०० बिया घ्या. चांगल्या टपोऱ्या निवडायच्या नाहीत, हाताला येतील तशा. आधी या शंभराचं वजन करून लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. वर्तमानपत्राचे चार थर ओले करून पिळून घ्या, पाणी निथळायला नको, त्यावर दहा-दहाच्या ओळी मांडा, वर एक ओला पेपर ठेवून हलक्या हाताने गुंडाळी करा, प्लास्टिकच्या पिशवीत तोंड जरा सैल ठेवून उभी करा. मुंबईत मेमध्ये घरातलं तापमान भेंडीला अगदी मानवतं, ओट्याच्या कोपऱ्यात चालतं, फ्रिजच्या मागच्या गरम हवेत ठेवू नका. रोज उघडून बघा, पेपर सुकत असेल तर पाणी शिंपडा.

चौथ्या-पाचव्या दिवशी पहिली मोजणी आणि आठव्या-नवव्या दिवशी दुसरी. प्रयोगशाळेत भेंडीला २१ दिवसांपर्यंत थांबतात कारण भेंडीत कडक कवचाच्या बिया असतात, त्या उशिरा पाणी पितात. पण शेतात इतक्या उशिरा आलेलं रोप शेजारच्याच्या सावलीत सापडतं, त्यामुळे आपल्या कामापुरता नवव्या दिवसाचा आकडा खरा. मोजताना नुसतं मूळ बाहेर आलं म्हणून उगवलं धरू नका. मूळ आणि कोंब दोन्ही धड हवेत, मूळ आखडलेलं, कुजकट किंवा कोंब वाकडा अडकलेला असेल तर ते रोप शेतात माती फोडून वर येणार नाही.

पहिल्या मोजणीचा आकडा बऱ्याच जणांना फालतू वाटतो, पण बियाण्यात दम किती ते तिथे दिसतं. दोन बियाण्यांची शेवटची उगवण सारखी ७५ असली तरी एकाची पाचव्या दिवशी ६५ झालेली असते आणि दुसऱ्याची २५, तर दुसरं बी म्हातारं झालंय, पेपरवर उगवतं पण पावसाच्या सपाट्यात टिकत नाही.

म्हणूनच पेपरसोबत दुसरी टेस्ट पण करा. तुमच्याच शेतातली माती एका भाजीच्या क्रेटमध्ये खाली गोणपाट घालून भरा, आणखी १०० बिया दोन-अडीच सेंटीमीटर खोल टोका आणि शेतात जे पाणी देणार तेच पाणी द्या. हे शेवटचं खाडीकाठच्या लोकांनी विशेष पाळा, विहिरीचं पाणी मेमध्ये मचूळ होतं आणि मचूळ पाण्यात उगवण खाली येते, घरातल्या नळाच्या पाण्याने तुम्हाला खोटा चांगला आकडा मिळेल.

आपल्या तीन पाकिटांचे आकडे असे आले धरू. पहिलं, पेपरवर ६४ आणि मातीत ४५. दुसरं, ८८ आणि ७८. तिसरं, ९२ आणि ८४.

पहिल्याचे ६४ बघून लगेच दुकानात भांडायला जाऊ नका. १०० बियांच्या टेस्टमध्ये सात-आठाची वर-खाली सहज होते, प्रयोगशाळा ४०० बिया लावते ती याचसाठी. म्हणजे ६४ आणि ६८ मध्ये फरक आहे असं छातीठोक म्हणता येत नाही, पण ६४ आणि ८८ मध्ये आहे हे नक्की. जवळजवळचे आकडे आले तर आणखी १०० लावा.

आता पैसे: एका उगवलेल्या रोपाला किती पडले

शंभर बियांचं वजन लिहिलं होतं ते काढा. पहिल्या दोन पाकिटांचं सव्वासहा ग्रॅम आलं, म्हणजे ग्रॅमला १६ बिया. हायब्रीडचं बी जरा टपोरं, ग्रॅमला १५. हिशोब सोपा आहे: पाकिटाचं वजन गुणिले शुद्धता, त्याला गुणिले ग्रॅममधल्या बिया, त्याला गुणिले उगवण, आणि पाकिटाच्या किमतीला या आकड्याने भागायचं.

पहिलं पाकीट: ५०० ग्रॅममधलं ४८० ग्रॅम शुद्ध, त्यात ७६८० बिया, त्यातल्या पेपरवर ६४ टक्के म्हणजे साधारण ४९०० उगवल्या. ३५० रुपयांना भागलं की एका रोपाला ७.१ पैसे.

दुसरं: २५० ग्रॅममधलं २४७.५ ग्रॅम शुद्ध, ३९६० बिया, ८८ टक्के म्हणजे साधारण ३४८५. रोपाला साडेसात पैसे.

बघा, किलोला ७०० आणि किलोला १०४०, दीडपट महाग वाटलेलं बियाणं नुसता पेपरवरच्या उगवणीचा हिशोब लावल्यावर जवळजवळ बरोबरीला आलं. आणि मातीतली उगवण लावली तर चित्र उलटं होतं, पहिल्याचं रोप १० पैशांना पडतं आणि दुसऱ्याचं ८.४ पैशांना. तिसरं हायब्रीड मातीतल्या हिशोबाने २९ पैशांच्या आसपास, म्हणजे दुसऱ्याच्या साडेतीन पट. त्याचं पुढे बघू, कारण त्याचा निकाल उगवणीवर लागत नाही.

पैसे पाकिटात नाही, मोकळ्या जागेत जातात

दहा गुंठे म्हणजे साधारण १०१२ चौरस मीटर. ६० बाय ३० सेंटीमीटरवर भेंडी टोकली तर ५६२० जागा होतात, ५६०० धरू. प्रत्येक जागी एक रोप शेवटी हवंय.

दुसरं पाकीट घेतलं आणि जागेला दोन बिया टोकल्या. मातीत ७८ टक्के उगवण, म्हणजे एक बी न उगवण्याची शक्यता २२ टक्के, दोन्ही न उगवण्याची २२ चे २२ टक्के, पाचच्या आत. साधारण २७० जागा मोकळ्या राहतील. बिया लागल्या ११,२००, पाकिटं तीन, खर्च ७८० रुपये.

पहिलं पाकीट दोन बियांनी टोकलं तर ५५ चे ५५ टक्के, म्हणजे ३० टक्के जागा रिकाम्या. म्हणून तीन बिया टोकल्या. तरी १६-१७ टक्के रिकाम्या, साधारण ९३० जागा. बिया लागल्या १६,८००, पाकिटात ७६८०, म्हणजे दोन पाकिटं संपून तिसरं फोडावं लागलं. खर्च १०५० रुपये. उरलेलं पुढच्या वर्षी वापरू म्हणाल तर जे बी यंदाच थकलंय ते पुढच्या जूनमध्ये काय उगवणार.

म्हणजे "स्वस्त" पाकिटाने बियाण्याचाच खर्च २७० रुपयांनी वाढला आणि वर ६६० जागा जास्त मोकळ्या राहिल्या. आमच्या शेजारच्या वाडीतल्या काकी नांग्या मोजत सरीतून चालतात आणि एकेका मोकळ्या जागेला बोट दाखवून शिव्या घालतात, ते उगीच नाही. एका झाडाला हंगामात १८० ग्रॅम भेंडी धरली, जी सुधारित वाणाला लहान शेतात ठीक म्हणता येईल अशी आहे, तर ६६० झाडांची ११९ किलो होते. हाताला २५ रुपये किलो मिळाले तर जवळजवळ ३००० रुपये. मोकळ्या जागेच्या शेजारचं झाड जरा जास्त फुटतं, म्हणून निम्मं नुकसान भरून निघालं असं मानू, तरी १५०० गेले. त्या मोकळ्या जागेला खत, पाणी आणि खुरपणी मात्र पूर्ण लागली.

यात एक अडचण आहे ती सांगतो. हे टक्क्यांचं गणित असं धरून चालतं की नांग्या शेतभर विखुरलेल्या असतील. जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की सखल कोपऱ्यात पाणी साचून तिथली सगळीच रोपं जातात, तिथे तीन काय पाच बिया टोकल्या तरी उपयोग नाही. तिथे वरंबा उंच करा, बियाण्याला दोष देऊ नका.

नांग्या भरायच्या असतील तर सहाव्या ते आठव्या दिवसाच्या आत भरा. नंतर टोकलेलं रोप पुढे शेजाऱ्यांच्या सावलीत बारीक राहतं.

हायब्रीड: किती जास्त पिकलं की परवडतं

इथे लोक दोन टोकाला जातात. एकजण म्हणतो पाचपट महाग, नको. दुसरा म्हणतो दुकानदाराने डबल उत्पन्न सांगितलं, द्या. दोघांनीही कागद घ्यायला हवा.

हायब्रीड महाग असल्याने जागेला दोन बिया न टोकता एकच टोकतात आणि नांग्या लगेच भरतात. ५६०० बिया पहिल्यांदा, त्यातल्या १६ टक्के म्हणजे ९०० च्या आसपास जागा चुकल्या, त्यांना दोन-दोन बिया, म्हणजे आणखी १८००. एकूण ७४००. पाकिटात ३७१२ बिया, तर दोन पाकिटांत काम बसतं, जेमतेम. खर्च १८०० रुपये. दुसऱ्या पाकिटाच्या हिशोबापेक्षा १०२० जास्त.

आता हे १०२० रुपये वसूल व्हायला किती जादा भेंडी हवी? किलोला २५ मिळतात त्यातून तोडणी, पिशवी, जेटीपासून रिक्षा असं ५ रुपये वजा केले तर हातात २०. म्हणजे ५१ किलो. ५६०० झाडांवर वाटले तर झाडाला ९ ग्रॅम. मार्केटला नेतो त्या कोवळ्या भेंडीचं वजन १० ते १५ ग्रॅम असतं. म्हणजे पूर्ण हंगामात झाडाला फक्त एक भेंडी जास्त लागली तरी बियाण्याचे जादा पैसे निघाले. हायब्रीडला खत आणि फवारणीला आणखी हजार गेले असं धरलं तरी दोन भेंड्या.

एवढं वाचून हायब्रीड घ्यायला पळू नका, कारण ती जादाची भेंडी लागायला काही गोष्टी हव्यात. तुम्ही खत जेमतेम घालत असाल, आठवड्याला एकदाच वाडीवर जात असाल, तर हायब्रीडला जे जमतं ते दिसणारच नाही. भेंडी दिवसाआड तोडावी लागते, दोन तोडे चुकले की शेंग निबर होते आणि झाड पुढची फुलं धरायला आळस करतं. नोकरी सांभाळून शेती करणाऱ्याने आधी तोड्याला माणूस कोण आहे ते बघावं. शिवाय हायब्रीडचं बी पुढच्या वर्षी धरता येत नाही, पिढी फुटते, तर सुधारित वाणाचं चांगल्या झाडांवरचं बी एखाद-दोन वर्षं धरता येतं, शेजारी दुसरी भेंडी नसेल तर, कारण मधमाश्या परागीकरण मिसळून टाकतात.

पाकिटावरचं "एकरी एवढे टन" वाचून हिशोब करू नका. तो आकडा चांगल्या जमिनीत, पूर्ण काळजी घेतलेल्या प्लॉटचा असतो. तुमच्या वहीत गेल्या वर्षी जेवढे किलो विकले त्याला जागांच्या संख्येने भागा, तो तुमचा आकडा. वही नसेल तर यंदापासून तोड्याला वजन लिहायला लागा, दुसरा इलाज नाही.

अपेक्षित उत्पन्न म्हणजे चांगल्या वर्षाचं उत्पन्न नव्हे

भेंडीत सगळ्यात मोठा फटका हळद्याचा, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग पान, मग शेंगही पिवळी. तो व्हायरस पांढरी माशी पसरवते आणि एकदा झाडात गेला की औषध नाही. महिनाभराच्या पिकावर आला तर विकायला फार काही उरत नाही. परभणी क्रांती आणि बंगळुरूच्या संस्थेची अर्का अनामिका ही वाणं याच रोगाला दाद न देणारी म्हणून गाजली, पण वर्षं गेली तशी बऱ्याच भागांत ती आता पूर्वीसारखी टिकत नाहीत. त्यामुळे "रोगप्रतिकारक" असं छापलेलं वाचून न थांबता आपल्या पट्ट्यात गेल्या दोन-तीन हंगामांत कुठलं वाण पिवळं पडलं ते विचारा.

हिशोबात हे असं घाला. समजा दुसऱ्या पाकिटाचं वाण चांगल्या वर्षी दहा गुंठ्यांत ९६० किलो देतं आणि हळद्याच्या वर्षी ३००. हायब्रीड चांगल्या वर्षी १२०० आणि हळद्याच्या वर्षी, जरा तग धरतं म्हणून, ९००. तुमच्याकडे दहातली तीन वर्षं हळद्याची असतील तर सरासरी दुसऱ्या पाकिटाची साधारण ७६० आणि हायब्रीडची १११०. फरक ३५० किलो. चांगल्या वर्षाचाच फरक बघितला असता तर तो २४० दिसला असता. आणि तुमच्याकडे हळद्या क्वचितच येत असेल, किंवा ते हायब्रीडही तितकंच पिवळं पडत असेल, तर फरक आणखी कमी. म्हणजे बियाण्याला किती पैसे द्यायचे हे ठरवताना उगवणीच्या दोन-चार टक्क्यांपेक्षा तुमच्या जागेवरचा रोग मोठा ठरतो. उगवण आणि शुद्धतेचा हिशोब सारख्या वाणांत तुलना करायला वापरायचा, वेगवेगळ्या वाणांत शेवटचा शब्द उत्पन्नाचा.

पक्कं माहीत नसेल तर सगळं शेत एका पाकिटावर लावू नका. नवीन वाणाच्या चार सऱ्या, जुन्याच्या बाजूला, शेताच्या मधोमध, बांधाकडेला नको कारण तिथे ऊन-वारा वेगळा. दोन्हींचा तोडा वेगळ्या पिशवीत, वेगळं वजन. चार सऱ्यांचं गणित दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा जास्त खरं असतं, अर्थात एकाच वर्षावरून ठरवू नका.

घेताना आणि घेतल्यानंतर

बिलावर वाण, लॉट नंबर, मुदत आणि वजन लिहून मागा. "बिल कशाला, ओळखीचे आहात ना" हे वाक्य दुकानदाराकडून हमखास येतं, हसून बिल घ्यायचंच. पेरल्यावर टॅग, रिकामं पाकीट आणि मूठभर बी वेगळ्या डबीत ठेवा. उगवण फारच कमी आली तर तुमची जागा ज्या तालुक्यात येते तिथल्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यायची असते आणि ती रोपं लहान असताना द्यायची, दोन महिन्यांनी पाहणीला आलेल्या माणसाला शेतात काही कळत नाही. टॅग आणि बिल नसेल तर तक्रार तिथेच अडकते.

पेरून उरलेलं बी पाकिटाची घडी घालून कपाटात टाकू नका, मुंबईच्या पावसाळ्यात हवेतला ओलावा ते ओढून घेतं आणि दिवाळीपर्यंत उगवण चांगलीच घसरते. घट्ट झाकणाच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, वर चिठ्ठीवर वाण, लॉट आणि यंदाची उगवण लिहून, फ्रिजमध्ये खाण्याच्या वस्तूंपासून लांब ठेवा, रंगवलेलं बी असेल तर पोरांच्या हाताला लागणार नाही असं. बाहेर काढल्यावर बरणी घरातल्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत बाष्प धरतं. उन्हाळी भेंडीला ते वापरायचं ठरलं तर जानेवारीत परत १०० बिया पेपरवर घाला आणि जो आकडा येईल त्यावरून जागेला किती बिया टोकायच्या ते ठरवा. थंडीत उगवण मुळातच हळू होते, म्हणून ही टेस्ट तीन-चार दिवस जास्त चालू ठेवा.